टीमची फेररचना लोकांना कशी कळवावी?

प्रश्न: आमच्या विभागातल्या दोन टीम मोडून नव्याने बांधायचं ठरलं आहे. कोणाची नोकरी जात नाही, पण काहींचे मॅनेजर बदलतील. सगळ्यांना मेल मला लिहायचा आहे. कारणं किती सांगायची, कोणासाठी काय बदलतंय ते कसं लिहायचं आणि प्रश्न कुठे विचारायला सांगायचे?

उत्तर:

मी असा मेल दोनदा लिहिला आहे. पहिल्या वेळी चुकलो आणि ते निस्तरायला बरेच महिने गेले, म्हणून तेच उदाहरण घेऊन सांगतो.

आमची १९ माणसं होती. ११ जण ग्राहकांच्या तक्रारी बघायचे, ८ जण नव्या ग्राहकांना आमची प्रणाली बसवून द्यायचे. ही कामानुसार केलेली विभागणी मोडून आम्ही ग्राहकांनुसार दोन टीम केल्या. मोठ्या ग्राहकांसाठी ९ जण आणि छोट्या ग्राहकांसाठी १०. प्रत्येक टीम आपल्या ग्राहकांची प्रणाली बसवणार आणि पुढे त्यांच्या तक्रारीही तीच बघणार. दोन्ही जुने टीम लीड कायम राहिले, एकेकाकडे एकेक नवी टीम आली.

मेल लिहायला बसण्याआधी मी एक तक्ता करायला हवा होता. तो केला नाही, ही पहिली चूक. तक्त्यात प्रत्येक माणसाची एक ओळ असावी आणि पुढे साधे प्रश्न: मॅनेजर कोण, रोजचं काम काय, पद काय, कामाच्या वेळा काय, रजा कोण मंजूर करणार, या वर्षीचं अप्रेझल कोण लिहिणार. प्रत्येक रकान्यात ‘आज’ आणि ‘नंतर’. हा तक्ता भरताना जिथे उत्तर सुचत नाही, तिथे तुमचा निर्णयच अजून झालेला नसतो. मेलमध्ये नेमकी तीच जागा धूसर होते आणि वाचणारा नेमका तिथेच अडतो.

आमच्याकडे ती जागा होती शनिवार-रविवारची ड्यूटी. आधी ती फक्त तक्रारी बघणाऱ्या ११ जणांना असायची. दर आठवड्याला दोघं, म्हणजे प्रत्येकाची पाळी साधारण साडेपाच आठवड्यांनी. नव्या रचनेत प्रत्येक टीममधला एकेक जण, म्हणजे पाळी ९ किंवा १० आठवड्यांनी. ११ जणांची सोय झाली, पण उरलेल्या ८ जणांना आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी काम आलं. मेलमध्ये मी ग्राहकांच्या समाधानावर दोन परिच्छेद लिहिले होते आणि ड्यूटीबद्दल एक अक्षर नव्हतं. मुद्दाम लपवलं नव्हतं, डोक्यातच आलं नव्हतं. पण त्या ८ जणांनी ते लपवलं असंच धरलं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच धरलं असतं.

दुसऱ्यांदा मी तक्ता भरल्यावर लोकांचे गट पाडले. ज्यांचं काहीच बदलत नाही ते, ज्यांचा फक्त मॅनेजर बदलतो ते, ज्यांचं काम किंवा वेळ बदलते ते, आणि ज्यांचं पद जातं ते. मेलमध्ये प्रत्येक गटासाठी वेगळा छोटा परिच्छेद ठेवला, म्हणजे माणूस आपला भाग शोधून वाचू शकतो. ‘काहींच्या जबाबदाऱ्यांमध्ये बदल होतील’ हे वाक्य कधीही लिहू नका. १९ जण ते वाचून आपलंच नाव त्यात घालतात.

काय बदलत नाही तेही स्पष्ट लिहा: पगार, श्रेणी, कामाचं ठिकाण, मंजूर झालेल्या रजा. पण एचआरकडून एकेक गोष्ट तपासून घेतल्याशिवाय नको. पगार, वेळा, ठिकाण किंवा पद बदलत असेल, तर नेमणुकीच्या करारात आणि कायद्यात आधी सूचना द्यायची किंवा चर्चा करायची अट असू शकते. तसं असेल तर मेलची तारीख तुमच्या सोयीने ठरत नाही.

आता कारणांबद्दल. कारण असं लिहावं की टीममधल्या कोणालाही ते स्वतः पडताळून बघता येईल. माझ्या पहिल्या मेलमध्ये ‘अधिक चपळ आणि ग्राहककेंद्री होण्यासाठी’ असं होतं. खरं कारण याहून साधं आणि पटणारं होतं. नव्या ग्राहकाची तक्रार आली की एक टीम म्हणायची हे बसवणाऱ्यांचं काम, दुसरी म्हणायची आम्ही ग्राहक तुमच्या हवाली केला आहे. तीन महिन्यांच्या तक्रारी मोजल्या तेव्हा साधारण तीनपैकी एक तक्रार निदान एकदा तरी इकडून तिकडे टोलवली गेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, सगळे त्याला वैतागले होते. तेच लिहिलं असतं तर अर्ध्या शंका उठल्याच नसत्या.

खर्च हेही कारण असेल तर तेही लिहा. लोक ते ओळखतातच, आणि तुम्ही गाळलंत की बाकीच्या कारणांवरचाही विश्वास उडतो. आणखी एक, दोष रचनेचा आहे असं लिहा, माणसांचा नाही. ‘दोन टीममध्ये समन्वयाचा अभाव होता’ या वाक्यात दोन्ही लीडवर ठपका येतो. ‘नव्या ग्राहकाची तक्रार कोणाची, हे आपल्या रचनेत ठरलेलंच नव्हतं’ यात येत नाही.

कारण नीट सांगण्याने किती फरक पडतो, याचा जेरल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. एका कंपनीने दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली. एकीकडे परिस्थिती सविस्तर समजावली, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांना पुरेसा वेळ दिला. दुसरीकडे थोडक्यात उरकलं. कपातीच्या काळात चोरी दोन्हीकडे वाढली, पण जिथे नीट सांगितलं होतं तिथे बरीच कमी. नोकरी सोडून जाणारेही जिथे उरकलं होतं तिथेच जास्त निघाले. फेररचना पगारकपातीएवढी कठोर नसते, पण माणूस दोन्ही वेळी हेच बघतो की आपल्याला सांगण्याच्या लायकीचं समजलं का.

मेलइतकाच त्याआधीचा क्रम महत्त्वाचा आहे. आमच्याकडे तक्रार टीमच्या उपप्रमुखाचं पद नव्या रचनेत उरत नव्हतं. ते पद सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला ही बातमी सर्वांबरोबर मेलमधून कळली. त्याच्याशी मी नंतर तासभर बोललो, पण तो तास आधी द्यायला हवा होता. याहून वाईट म्हणजे एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे मॅनेजर आदल्या रात्रीच चढवले गेले होते. एका सहकारी ताईंनी सकाळी रजेचा अर्ज भरला, तेव्हा मंजुरी देणाऱ्याच्या जागी भलतंच नाव दिसलं. मेल जाईपर्यंत निम्म्या लोकांना अर्धवट बातमी लागलेली होती.

दुसऱ्या वेळचा क्रम असा ठेवला. टीम लीडना आठवडाभर आधी सांगितलं, कारण पहिले प्रश्न त्यांच्याकडेच येतात आणि ‘मलाही आत्ताच कळलं’ हे उत्तर सगळ्यांना घाबरवतं. ठरलेल्या दिवशी सकाळी, ज्यांचं पद, काम किंवा मॅनेजर बदलतो त्यांच्याशी एकेकट्याने बोललो, पद जाणाऱ्यांशी सर्वांत आधी. दुपारी सर्वांची बैठक, आणि बैठक संपताच मेल. त्यानंतरच सॉफ्टवेअर, मेलचे गट आणि कॅलेंडर बदलले. बैठकीच्या निमंत्रणाचं शीर्षकही जपून लिहा, त्यातूनही बातमी फुटते. आणि दिवस शुक्रवार नको. शनिवार-रविवार माणसं प्रश्न घेऊन घरी बसतात आणि उत्तर द्यायला कोणी नसतं.

आज तो पहिला मेल पुन्हा लिहायचा झाला तर असा लिहीन:

> १ तारखेपासून आपल्या दोन टीमची रचना बदलत आहे. हा निर्णय झालेला आहे.
>
> कारण: नव्या ग्राहकाची तक्रार कोणी सोडवायची हे आपल्याकडे ठरलेलं नव्हतं. गेल्या तीन महिन्यांत साधारण तीनपैकी एक तक्रार दोन टीममध्ये फिरत राहिली. आता एका ग्राहकाचं सगळं काम एकच टीम करेल.
>
> ९ जणांचे मॅनेजर बदलतात. त्यांच्याशी आज सकाळी बोलणं झालं आहे. या सहामाहीचं अप्रेझल जुने मॅनेजर लिहितील, नवे वाचून सही करतील.
>
> प्रणाली बसवणाऱ्या ८ जणांना आता शनिवार-रविवारची ड्यूटी येईल, साधारण ९ ते १० आठवड्यांतून एकदा. पहिली पाळी १ तारखेनंतर महिनाभराने. बदली रजेचे नियम सर्वांना सारखेच.
>
> उपप्रमुख हे पद राहणार नाही. श्रेणी आणि पगार कोणाचाही बदलत नाही. मंजूर रजा तशाच राहतील.
>
> अजून ठरलेलं नाही: ड्यूटीचं वेळापत्रक कोण लावणार. हे १५ तारखेपर्यंत कळवेन. यावर तुमच्या सूचना हव्या आहेत.

शेवटच्या परिच्छेदाकडे लक्ष द्या. पहिल्या वेळी मी मेलच्या शेवटी सवयीने ‘आपल्या सूचनांचं स्वागत आहे’ असं लिहिलं. पाच जणांनी रात्री बसून नव्या रचनेचे पर्याय लिहून पाठवले. रचना तर ठरून गेली होती. त्यांचे कष्ट वाया गेले आणि पुढच्या वेळी त्यांनी काहीच सुचवलं नाही. त्यामुळे ठरलेलं काय आणि खुलं काय, हे वेगवेगळं लिहा आणि सूचना फक्त खुल्या गोष्टींवरच मागा.

प्रश्नांसाठी ‘काही शंका असल्यास संपर्क साधावा’ पुरत नाही. कोणता प्रश्न कोणाकडे, हे नावानिशी लिहा. रोजच्या कामाचा प्रश्न नव्या टीम लीडकडे. पगार, श्रेणी, रजा, करार यांचा प्रश्न एचआरमधल्या एका ठरावीक व्यक्तीकडे, विभागाच्या सामायिक पत्त्यावर नको. ‘हे असंच का केलं’ हा प्रश्न तुमच्याकडे, कारण निर्णय तुमचा आहे आणि लीडना त्याचं समर्थन करायला लावणं बरोबर नाही. मी रोज दुपारी अर्धा तास राखून ठेवला होता. पहिल्या दोन दिवसांत फारसं कोणी आलं नाही. खरे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात, घरी बोलून झाल्यावर. त्यामुळे ही वेळ निदान दोन आठवडे चालू ठेवा.

याशिवाय नाव न लिहिता प्रश्न टाकता येईल असा एक फॉर्म आणि सर्वांना दिसणारी उत्तरांची शीट ठेवली. नाव खरोखरच नोंदलं जात नाही, हे आधी स्वतः प्रश्न टाकून तपासा. बरेच फॉर्म मेलचा पत्ता आपोआप घेतात. दर गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत उत्तरं, असं जाहीर केलं होतं. ज्याचं उत्तर नव्हतं तिथे ‘ठरलेलं नाही, अमुक तारखेला सांगतो’ असं लिहायचो. ती तारीख मात्र पाळावी लागते.

तिसऱ्या आठवड्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत चारदा आला: जुन्या ग्राहकाने जुन्याच माणसाला फोन केला तर काय करायचं? माझ्या तक्त्यात हा रकाना नव्हता. त्यावर लगेच सर्वांना छोटा मेल पाठवला, की फोन घेणाऱ्याने ऐकून घ्यावं आणि नव्या टीमला स्वतः जोडून द्यावं, ग्राहकाला दुसरा नंबर लावायला सांगू नये.