झँगिफ घेऊन गाईलसमोर उडू नको

बाबू, फायटिंग गेममध्ये दुरून मारा करणारा झोनर जवळून पकडणाऱ्या ग्रॅपलरला लांब ठेवतो आणि अंगावर धावून येणारा रशडाउनवाला आपणहून ग्रॅपलरच्या हातात येतो, एवढं तुला माहीत आहे. मग स्ट्रीट फायटर ६ मध्ये झँगिफसारखा ग्रॅपलर घेऊन गाईलसारख्या झोनरसमोर दर वेळी उडी मारतोस काहून? तो लांबून सॉनिक बूमचा गोळा फेकतो तोच तुला उडी मारायला लावायला. हवेत दिसलास की खालून फ्लॅश किक बसते.

त्याची अडचण ओळख. बूमसाठी त्याला मागची दिशा दाबून धरून चार्ज करावा लागतो, त्या वेळात तो पुढे चालू शकत नाही. म्हणून तू थोडं चाल, बूम आला की ब्लॉक किंवा ड्राइव्ह पॅरी कर, पुन्हा चाल. कंटाळवाणं आहे, पण तो कोपऱ्यात जातो.

तिथे स्क्रू पाइलड्रायव्हर, म्हणजे झँगिफचा पकडून आपटायचा डाव. तो ब्लॉक होत नाही, मात्र ब्लॉक केल्यावर क्षणभर अडकलेल्याला, म्हणजे ब्लॉकस्टनमधल्याला, पकडताही येत नाही. म्हणून हलका जॅब ब्लॉक करू दे, क्षणभर थांब, मग पकड. भिऊन तो उडायला लागला, तर पुढच्या वेळी पकड सोडून हवेतच ठोसा मार.

केनसारखा रशडाउनवाला अंतर स्वतःच मिटवतो. त्याच्यासमोर फक्त शांतपणे ब्लॉक करून फटींची वाट पाहायची.

आणि लाइन गेल्यावर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रँक्ड लावू नको. रेंज डगमगली की बूम पाहून पॅरी दाबायला उशीरच होतो.