आयलायनर, स्क्रू आणि गप्प बसलेला एक्स्पर्ट

"माझं गिटार शिकवायचं चॅनल आहे, मित्राचं फिटनेसचं. दोघांनी रोल बदलून एक कॉमेडी व्हिडिओ करायचाय, पण असे बरेच व्हिडिओ बळंच हसवल्यासारखे वाटतात. आमचा तसा होऊ नये म्हणून शूटच्या आधी काय ठरवायचं?"

मी मोबाईल रिपेअरचे व्हिडिओ करतो आणि मेकअप करणाऱ्या एका मैत्रिणीसोबत हाच प्रकार दोनदा शूट केलाय. पहिला पार फसला, म्हणून त्याचंच आधी सांगतो.

पहिल्या वेळी आम्ही स्क्रिप्ट लिहून बसलो. मी ब्रश उलटा धरणार, लिपस्टिक गालाला लावणार, ती स्क्रू ड्रायव्हरने फोन ठोकणार, असलं सगळं. शूट करताना आम्ही दोघं हसून हसून लोळत होतो आणि एडिटला बसल्यावर लक्षात आलं की बघणाऱ्याला हसायला यात काहीच नाहीये, कारण ब्रश कुठून धरतात हे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणजे हा माणूस नाटक करतोय हे पहिल्या मिनिटातच उघडं पडतं आणि मग पुढची प्रत्येक चूक खोटी वाटायला लागते. तरी अपलोड केला. रिटेन्शनचा ग्राफ पहिल्याच 'गंमतीच्या' सीनला असा कोसळला की विचारू नका.

दुसऱ्या वेळी एकच नियम ठेवला: मुद्दाम चुकायचं नाही, जीव तोडून नीट करायचा प्रयत्न करायचा. काम ठरलेलं, वेळ ठरलेली, ४० मिनिटं. मी तिच्या दोन्ही डोळ्यांना विंगवालं आयलायनर लावायचं, तिने एका जुन्या फोनची स्क्रीन बदलायची. आणि जो एक्स्पर्ट आहे त्याने शेजारी बसून बघायचं पण तोंड उघडायचं नाही. पूर्ण वेळात फक्त तीनदा बोलायची परवानगी, तेही एकेक वाक्य.

आता यात काय झालं बघा. माझा हात स्थिर आहे, बारीक सोल्डरिंग करून सवय झालीय, त्यामुळे पहिल्या डोळ्याची रेघ खरंच सुरेख आली आणि मी जाम हवेत गेलो. दुसरी रेघ त्यापेक्षा किंचित जाड झाली. मग दोन्ही सारख्या करायला पहिली थोडी जाड केली, ती जास्तच झाली, मग परत दुसरी. असं करत करत विंग भुवईला जाऊन टेकली. शेवटी मी ड्रॉवरमधून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि तिच्या डोळ्याजवळ धरून दोन्ही रेघांची लांबी मोजायला लागलो, अगदी सिरियसली, कारण आमच्या कामात माप जुळत नसेल तर मोजतातच ना! हे कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नव्हतं आणि व्हिडिओतला सगळ्यात जास्त बघितला गेलेला तुकडा हाच.

तिचंही तसंच. फोन उघडल्यावर त्यात वेगवेगळ्या लांबीचे बारीक स्क्रू निघतात, आणि जिथे आखूड हवा तिथे लांब स्क्रू पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसून बोर्डच जायचा धोका असतो. मी मनात म्हणतोय आता ही सगळे एका ढिगात टाकणार, कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर, माझा जीव टांगणीला. तर तिने पर्समधून रिकामी आयशॅडो पॅलेट काढली आणि एकेका खणात एकेक स्क्रू ओळीने लावला, वर म्हणते कशी, "शेड मिक्स झाल्या की वाट लागते." माझं तोंड जे उघडं राहिलं ते थंबनेलला वापरलं 😄

तर मला सांगायचंय ते हेच, की एखादं काम जमत नाही एवढ्यातून फारसं हसू येत नाही. आपल्या धंद्याची सवय दुसऱ्याच्या धंद्यात घुसते आणि ते बघताना खऱ्या एक्स्पर्टची जी तगमग होते, हसू तिथे आहे. म्हणून एक्स्पर्टच्या चेहऱ्यावर वेगळा कॅमेरा पाहिजेच. आमच्याकडे तीन होते, एक दोघांचा वाइड, एक हातांवर, एक गप्प बसलेल्याच्या तोंडावर, आणि फायनल कटमध्ये जवळपास अर्धा वेळ हा तिसराच वापरला. कॅमेरे दोनच असतील तर वाइड सोडा, चेहरा सोडू नका. माईक दोघांना वेगळे लावा आणि लेव्हल नेहमीपेक्षा कमी ठेवा, कारण माणूस खरा हसतो तेव्हा आवाज एकदम फाटतो आणि फाटलेला आवाज एडिटमध्ये नीट होत नाही. आमचा कॅलिपरवाला हशा थोडा फाटलाच, अजून खुपतं मला ते.

धोक्याचं मात्र आधीच बोलून घ्या. लायनर तिच्या हातावर आदल्या दिवशी लावून बघितलं होतं. फोनची बॅटरी मी शूटआधी काढून ठेवली होती, नवख्या हातातलं टोकदार हत्यार लिथियम बॅटरीत घुसलं तर थेट आग. आणि 'थांब' हा शब्द त्या तीन वाक्यांत मोजायचा नाही असं ठरलं होतं. तो एकदाच वापरला गेला: चुकलेली रेघ पुसायला मी सवयीने कापसावर आयसोप्रोपिल घेतलं, बोर्ड त्यानेच पुसतो ना आम्ही, आणि डोळ्याकडे हात नेला. ती जी किंचाळली! तो सीन आम्ही ठेवला, पण हे डोळ्याजवळ कधीच वापरायचं नाही हे स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहून.

आणखी एक गोष्ट आम्ही पहिल्या वेळी चुकलो, कुठला भाग कुणाच्या चॅनलवर टाकायचा. मी तिचा फोन उघडतानाचा भाग माझ्या चॅनलवर टाकला होता. माझ्या लोकांना ती कोण हेच माहीत नाही, मग तिची फजिती बघून त्यांना काय वाटणार? एक अनोळखी बाई फोन बिघडवतेय एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा उलटं केलं, माझी फजिती माझ्या चॅनलवर, तिची तिच्या. म्हणजे लोक आपल्या माणसाला हसतात आणि पाहुणा तिथे जाणकार म्हणून बसलेला असतो. आयलायनरची वाट लागल्यावर तिने सगळं पुसून दोन मिनिटांत तीच विंग काढून दाखवली, आणि माझ्याकडून जे लोक तिच्याकडे गेले त्यातल्या बऱ्याच जणांनी कमेंटमध्ये ती दोन मिनिटंच धरली होती. हा 'आता बघा खरं कसं करतात' भाग नक्की ठेवा, पण छोटा.

तुमच्या जोडीत मला तर भरपूर माल दिसतोय. मित्राला गाणं नका देऊ, जी, सी आणि डी या तीन कॉर्ड बदलत एक मिनिट वाजवायला द्या. त्याची पकड इतकी मजबूत असणार की तो तारा जीव खाऊन दाबेल आणि सूर वर चढून कॉर्ड बेसूर वाजेल, आणि तो अजून जोर लावेल कारण जिममध्ये अडलं की जोरच लावतात! तुम्ही गप्प बसून ते ऐकायचं. तुम्हाला मात्र जड वजन अजिबात नको, स्क्वॉट रिकामे, वजनाशिवाय, दहा मारायला सांगा. गिटारवाले तुम्ही, चारच्या पुढे मोजायची सवय नाही, एक-दोन-तीन-चार झालं की परत एकवर येणार आणि मित्र समोर तोंड दाबून बसणार, दहा काही होत नाहीत.