शेजारच्या घरातली रोझरी: क्रुसापासून क्रुसापर्यंत

प्रश्न: मी सांगलीत राहतो. शेजारच्या कॅथलिक घरातल्या आजी वारल्या. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी रोझरी म्हणतात, मलाही बोलावलंय. ती माळ नेमकी कशी म्हणतात? कुठल्या मण्यावर काय, आणि मी काय करू?

उत्तर:

जरूर जा. मी मिरजेची, घरात लहानपणापासून रोझरी आहे. मंगळवारची संध्याकाळ धरून सांगते.

माळ हातात घेतली की आधी खाली लोंबणारी शेपटी दिसेल. तिच्या टोकाला क्रूस, मग एक सुटा मणी, तीन जवळजवळचे, पुन्हा एक सुटा, आणि त्यावर एक पदक. पदकापासून गोल माळ सुरू होते. त्यात दहा-दहा मण्यांचे पाच गट, आणि दोन गटांमध्ये एकेक सुटा मणी. सगळे मिळून 59. सुट्या मण्यावर ‘हे आमच्या बापा’, जवळजवळच्या मण्यांवर ‘नमो मरिया’, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. प्रार्थनांचे शब्द घराघरांत थोडे वेगळे ऐकू येतील, क्रम तोच.

क्रूस धरून क्रुसाची खूण करतात आणि विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, म्हणतात. मग पहिल्या सुट्या मण्यावर ‘हे आमच्या बापा’. पुढच्या तीन मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रीती वाढावी म्हणून तीन ‘नमो मरिया’, त्यानंतर पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचा गौरव.

आता दुसऱ्या सुट्या मण्याशी प्रार्थना सांगणारा थांबेल आणि पहिलं रहस्य जाहीर करेल. रहस्य म्हणजे येशू आणि मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग. मंगळवारी दुःखाची रहस्यं असतात, म्हणून पहिलं गेथशेमाने बागेतल्या यातनांचं. याच मण्यावर ‘हे आमच्या बापा’, मग पदक ओलांडून गोलातले दहा ‘नमो मरिया’, आणि शेवटी गौरव. बहुतेक घरांत त्याला जोडून येशूला उद्देशून एक छोटी विनवणी असते. झाला एक दशक. पुढच्या सुट्या मण्यावर दुसरं रहस्य: खांबाला बांधून मारलेले फटके. तिसरं काटेरी मुकुटाचं, चौथं क्रूस वाहण्याचं, पाचवं क्रुसावरच्या मरणाचं. पाचव्या दशकाअखेर बोटं परत पदकाशी येतात. तिथे मरियेला ‘हे राणी’ म्हणून हाक मारणारी प्रार्थना, क्रुसाची खूण, आणि संपलं. वीसेक मिनिटं लागतात.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली. जुन्या माणसांच्या तोंडी अजून पंधराच रहस्यं असतात, म्हणून गुरुवारी कुणी आनंदाची सुरू केली तर ती चूक समजू नका.

तुम्हाला गोंधळ होईल तो मण्यांत नाही, आवाजांत. ‘नमो मरिया’ दोन तुकड्यांत म्हणतात. देवदूताचं आणि मरियेची नातलग अलीशिबा हिचं अभिवादन असलेला पहिला भाग सांगणारा म्हणतो, आणि ‘पवित्र मरिये’पासूनचा दुसरा भाग बाकीचे. या दुसऱ्या भागात ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ आमच्यासाठी विनंती कर, असं मागणं आहे. दुःखाच्या घरात ते पन्नास वेळा ऐकताना काय वाटतं, ते तिथे बसल्यावरच कळेल. मृतासाठीची रोझरी असेल तर काही घरांत दशकाअखेर गौरवाऐवजी मृताला चिरविश्रांती मागतात, ते ऐकून घ्या.

मिरज-सांगलीकडे ख्रिस्ती म्हटलं की बरेच प्रॉटेस्टंट. ते रोझरी म्हणत नाहीत. त्यांच्यातलं कुणी शेजारी बसलं असेल तर ‘हे आमच्या बापा’च्या शेवटी राज्य, सामर्थ्य आणि गौरवाची ओळ त्यांच्या तोंडून सवयीनं येते. रोझरीत ती ओळ नसते. आमच्याकडे असं झालं की सांगणारा क्षणभर थांबतो आणि मग पुढे जातो.

मोजायचं मनात नाही, बोटांनी. आपण जपाच्या माळेत मेरुमणी ओलांडत नाही, तिथून माळ उलटी फिरवतो. इथे तसं बंधन नाही. जास्त रहस्यं म्हणायची असली तर पदकावरून तसंच पुढच्या फेरीला जातात. मणी निसटला आणि नऊ झाले की दहा कळेना, तर एक जास्त म्हणायचा. ज्याच्या हाती माळ नाही तो दहा बोटांवर एक दशक धरतो.

तुम्ही क्रुसाची खूण केली नाही, उत्तर दिलं नाही तरी कुणी काही म्हणणार नाही. सांगणाऱ्यानं रहस्य जाहीर केल्यावर मात्र तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तोंडाला शब्द असतात, मन त्या प्रसंगाशी असतं. आमची माळ अशीच म्हणतात. शेवटी आजींचं नाव घेऊन एक प्रार्थना होईल, तेवढी होऊ द्या आणि मग उठा.