शॉवरची धार बारीक झालीय, बदलायचा की साफ होईल?

प्रश्न: पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट आहे, पाणी बोअरचं. शॉवरची धार बारीक झालीय, काही छिद्रांतून पाणी तिरपं उडतं. पांढरा थर कशाने साचतो? शॉवर बदलू का?

उत्तर:

बदलायची घाई करू नका. आधी शॉवर फिरवून काढा आणि नुसत्या पाइपातून पाणी सोडून बघा. पाइपातून भरभरून आलं तर अडथळा शॉवरच्या तोंडातच आहे. पाइपातही बारीकच असेल तर शॉवर घासून उपयोग नाही. टाकी फार वर नसलेल्या शेवटच्या मजल्यावर असं होतंच. आणि फक्त गरम पाणी बारीक येत असेल तर गिझरकडे वळा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं तोवर ते दिसत नाही. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळजवळ खडूच, खाली बसतो. गिझरच्या कॉइलवर हेच साचतं. शॉवरमध्ये दुसरी गोष्टही घडते: नळ बंद केल्यावर छिद्राच्या ओठावर एकेक थेंब अडकतो, सुकतो आणि क्षार तिथेच ठेवून जातो. छिद्राच्या एका बाजूला थर जास्त चढला की धार तिरपी उडते. तुमचं तेच झालंय.

थरावर लिंबाचा थेंब टाका. बुडबुडे आले तर तो आम्लाने निघेल. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा, शॉवर उपडा बुडवा. पाणी उकळतं घेऊ नका, कारण फार गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा नवा पांढरा साका बसू शकतो. अर्ध्या तासाने बघा. बुडबुडे थांबले पण थर शिल्लक असेल तर आम्ल संपलंय, नवं द्रावण करा. रात्रभर मात्र ठेवू नका, क्रोमचा मुलामा जातो. भिंतीतून न निघणाऱ्या शॉवरला हेच द्रावण पिशवीत भरून रबरबँडने बांधा.

आमच्या शेजारच्या काकूंनी संडास धुण्याचं ॲसिड वापरायचं ठरवलं होतं, ते मी हातातून काढून घेतलं. ते क्रोम खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. त्यांच्या शॉवरची छिद्रं रबरी होती, त्यामुळे लिंबूसत्त्वानंतर नुसत्या अंगठ्याने चोळल्यावर पांढरे कण टपाटप पडले. प्लास्टिकच्या छिद्रांना जुना टूथब्रश घ्या. सुई टाळा, छिद्र रुंदावतं.

परत बसवताना जोडाजवळची जाळी काढून बघा. तिच्यात पांढरे कपचे असतील तर ते गिझरमधले आहेत, तेव्हा प्लंबरकडून कॉइल साफ करून घ्या, नाहीतर महिन्याभरात जाळी पुन्हा भरेल. जुनी टेफ्लॉन टेप फेकून नवी गुंडाळा.