‘७४ टक्के अचूक’ म्हणावं की ‘विश्वासांक ०.७४’?

प्रश्न: सोलापुरात एम.एस्सी. करतोय. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूतल्या एका एन्झाइमचं होमॉलॉजी मॉडेल स्विस-मॉडेल या संकेतस्थळावर केलं. GMQE 0.74 आला, Seq Identity 38%. मराठी अहवालात ‘मॉडेल ७४ टक्के अचूक, टेम्प्लेटशी ३८ टक्के समजात’ असं लिहिलं तर चालेल का?

दोन्ही बदलावं लागेल.

आधी ‘समजात’. दोन प्रथिनं एकाच पूर्वज जनुकापासून आली असतील तर ती समजात, नाहीतर नाही. नात्याला टक्केवारी नसते. टेम्प्लेट म्हणजे ज्याच्या माहीत रचनेवरून मॉडेल घडवलं ते प्रथिन. ३८ हा आकडा त्याचा आणि तुमच्या प्रथिनाचा क्रम यांच्या जुळवणीत समोरासमोर आलेल्या जागांपैकी किती ठिकाणी तंतोतंत तेच अमिनो आम्ल आहे, ते सांगतो. म्हणून ‘३८ टक्के क्रमसाम्य’ लिहा. त्यावरून नातं असल्याचा निष्कर्ष काढता येतो आणि तुमच्या बाबतीत तो भक्कम आहे. साधारण २० ते ३५ टक्क्यांचा पट्टा संशयाचा मानतात, तुम्ही त्याच्या थोडे वर आहात.

‘अचूकता’ हा शब्द मात्र मी इथे अजिबात वापरू देणार नाही. प्रयोगाने मिळालेली रचना हाताशी असेल तेव्हाच मॉडेल तिच्यावर ठेवून अचूकता मोजता येते. तुमच्याकडे ती नाही, म्हणून तर मॉडेल केलं. GMQE हा जुळवणी, टेम्प्लेट आणि तयार मॉडेल पाहून बांधलेला अंदाज आहे, ० ते १ या मापावर. त्याला ‘विश्वासांक’ म्हणा आणि ०.७४ असाच लिहा. ‘७४ टक्के’ म्हटलं की वाचणाऱ्याला शंभरातले ७४ अणू जागेवर आहेत असं वाटतं, आणि तसा त्याचा अर्थ नाही. शिवाय मॉडेलने प्रथिनाचा किती भाग व्यापलाय, तेही या अंकात मिसळलेलं असतं. निम्म्याच लांबीचं मॉडेल कितीही चांगलं असलं तरी त्याचा GMQE सहसा ०.५ च्या वर जात नाही. म्हणून अंकाशेजारी व्याप्ती लिहाच.

आता खरी अडचण. एवढ्या क्रमसाम्याला प्रथिनाचा गाभा बहुधा बरोबर येतो, चुका कडेच्या वळशांमध्ये साठतात. समजा तुमच्या एन्झाइममध्ये एके ठिकाणी टेम्प्लेटपेक्षा नऊ अमिनो आम्लं जास्त आहेत. त्या वळशाला नक्कल करायला काहीच नाही, तो अंदाजाने बांधलेला असतो. त्याच्या आजूबाजूला जुळवणी एका घराने सरकली, तर तिथलं प्रत्येक अमिनो आम्ल सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम चुकीच्या जागी बसतं, कारण साखळीत लगतच्या दोन अल्फा कार्बनांमधलं अंतरच तेवढं आहे. मॉडेल नंतर कितीही घासूनपुसून घेतलं तरी ही चूक सहसा जात नाही. सरासरी अंकात ती दिसतही नाही. त्यासाठी प्रत्येक अमिनो आम्लाला ० ते १ मध्ये वेगळा अंक देणाऱ्या QMEANDisCo चा जागावार आलेख उघडा. ०.६ च्या खाली गेलेल्या जागा कच्च्या समजाव्यात. मग जुळवणीत पाहा की एन्झाइमची रासायनिक क्रिया करणारी अमिनो आम्लं टेम्प्लेटमधल्या त्याच अमिनो आम्लांसमोर आली आहेत का, आणि त्यांच्या शेजारी रिकामी जागा पडली आहे का. क्रियास्थळ कच्च्या पट्ट्यात असेल तर त्यात औषधाचे रेणू बसवून बघणं व्यर्थ आहे, GMQE काहीही असो.

आणि जागावार अंक चांगला आला तरी एक गोष्ट उरतेच. ई. कोलायचं अॅडेनिलेट कायनेज घ्या, २१४ अमिनो आम्लांचं. पीडीबी या प्रयोगाने मिळालेल्या रचनांच्या संग्रहात त्याच्या 4AKE आणि 1AKE अशा दोन रचना आहेत. पहिलीत एन्झाइम रिकामं आणि उघडं आहे, दुसरीत Ap5A हा रोधक धरून मिटलेलं. क्रम तोच, पण एकावर एक ठेवल्या तर अल्फा कार्बनांचं सरासरी अंतर ७ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतं. या कुळातल्या एखाद्या नव्या प्रथिनाचं मॉडेल करताना दोन्हींचं क्रमसाम्य सारखंच दिसेल, आणि ज्याला टेम्प्लेट घ्याल त्याचीच अवस्था मॉडेलमध्ये उतरेल. क्रियास्थळाचा खळगा एकात उघडा मिळेल, एकात बंद. कोणती अवस्था हवी हे विश्वासांक सांगत नाही, ते आपण ठरवायचं. तुमच्या टेम्प्लेटची पीडीबी नोंद उघडून त्यात कोणता रेणू बांधलेला आहे ते बघा.

अहवालात असं लिहिता येईल: ‘टेम्प्लेटशी ३८ टक्के क्रमसाम्य, मॉडेलची व्याप्ती अमुक ते अमुक क्रमांक, GMQE विश्वासांक ०.७४, टेम्प्लेट रेणूबद्ध (किंवा रिकाम्या) अवस्थेतला, पुढील जागांचा जागावार अंक ०.६ हून कमी.’ आणि त्या जागांचे क्रमांक लिहा, पुरवणीत न ढकलता तिथेच. त्यांत क्रियास्थळातलं एखादं अमिनो आम्ल असेल तर त्याचं नाव वेगळं नोंदवा.