डेमो डेला ३ मिनिटांचा पिच कसा बसवू?

प्रश्न: जज लोक एकामागोमाग खूप आयडिया ऐकणारेत, माझी लक्षात राहील असं ३ मिनिटांत काय बोलू?

आधी एक वाक्य पक्कं कर, जे जज नंतर चर्चेत तुझ्याबद्दल एकमेकांना सांगतील, आणि ते पहिल्या २० सेकंदांत बोल. समजा लसींच्या फ्रीजसाठी सेन्सर बनवलाय, तर टीमची ओळख, मार्केट केवढं वगैरेने सुरुवात नको, सरळ म्हण, "बऱ्याच लसी २ ते ८ डिग्रीत ठेवाव्या लागतात, रात्री फ्रीज बंद पडला तर सकाळपर्यंत कुणाला कळत नाही, आमचं यंत्र लगेच नर्सला फोन करतं." झालं, आता उरलेलं सगळं याच वाक्याला पुरावा.

मग डेमो, एकच, फ्रीजचं दार उघडं ठेव आणि फोन वाजू दे (लाइव्हचा भरवसा नको, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तयार ठेव). त्यानंतर पैसे कोण देतं, आत्ता किती जण वापरतायत आणि शेवटी नेमकं काय हवंय.

स्क्रिप्ट ३०० शब्दांच्या आसपासच ठेव, जास्त झाली की घाई होते आणि नेमका शेवटचा भाग, म्हणजे मागणीच, कापली जाते. तपासायचं असेल तर या क्षेत्रातल्या नसलेल्या कुणालातरी ऐकव, तासाभराने विचार आम्ही काय करतो, "काहीतरी सेन्सरचं" असं उत्तर आलं तर पहिलं वाक्य परत लिही.