प्रश्नोत्तरे : एकट्याच्या चॅनेलचं नाव

मी एकटाच गडकिल्ल्यांवर व्हिडिओ करतो. पुढे नद्या, जत्रा, लोककला यांकडेही वळायचं आहे. नावात ‘गड’ शब्द ठेवू का?

ठेवू नका. नावात विषय आला की जत्रेचा पहिलाच व्हिडिओ परका वाटतो. ‘गड’ नसेल तर लोकांना सापडणार कसा, ही भीती बहुतेकांना असते. पण राजगडाचा व्हिडिओ शोधणारा ‘राजगड’ टाइप करतो आणि तुमच्यापर्यंत मुख्यतः व्हिडिओच्या शीर्षकातून पोचतो. म्हणून विषय शीर्षकात, प्लेलिस्टच्या नावात आणि चॅनेलच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहा. या तिन्ही जागा हव्या तेव्हा बदलता येतात.

नावासाठी तुमची पाहण्याची रीत घ्या. तीन पर्याय तपासून बघू. ‘गडवाटा’ नदीपाशीच अडतं. ‘भटका महाराष्ट्र’ जत्रेपर्यंत चालतं, पण हंपीला गेलात की अडचण होते. तुम्ही सगळीकडे चालत जाता आणि वाटेत भेटलेल्यांशी बोलता, म्हणून तिसरा पर्याय ‘पायी’. त्यात गड बसतो, नदीकाठ बसतो आणि वारीही बसते. उद्या स्टुडिओत बसून नुसत्या मुलाखती घ्यायच्या ठरवल्या तर मात्र हेही नाव तोकडं पडेल. तेवढी मर्यादा मला मान्य आहे, कारण सगळ्यालाच चालणारं ‘प्रवाह’सारखं नाव कोणाच्या लक्षातच राहत नाही.

पक्कं करण्यापूर्वी एक चाचणी घ्या. आज करताय त्या विषयाची, पुढच्या वर्षी कराल त्याची आणि कधीतरी करावासा वाटेल त्याची काही शीर्षकं कागदावर लिहा आणि प्रत्येक शीर्षक ‘नमस्कार, तुम्ही पाहताय पायी’ या वाक्यानंतर मोठ्यानं वाचा. ज्या शीर्षकाआधी खुलासा करावासा वाटेल, तिथे नाव कमी पडतंय.

सरळ स्वतःचं नाव दिलं तर प्रश्नच मिटेल ना?

विषयाचा मिटतो. पण तुमच्या नावाचे आणखी चार जण असतील तर शोधताना घोळ होतो. पुढे जोडीला दुसरं कुणी आलं, तर त्याचा आवाज कायम पाहुण्याचाच राहतो. नोकरी करत असाल तर प्रत्येक मत थेट तुमच्या नावावर जमा होतं, याचाही विचार करा. आडनाव वेगळं असेल आणि काम एकट्यानंच करायचं असेल, तर मी खुशाल म्हणेन, द्या.

नाव मराठी आहे, पण हँडल रोमन लिपीत हवं. स्पेलिंग कसं ठरवू?

निवड खरी इथेच होते. ‘पायी’ ऐकून कुणी payi लिहील, कुणी paayi, कुणी pai. ‘ओळख’, ‘झरा’, ‘वळण’ यांचीही तीच गत. पाच-सहा जणांना फोनवर नाव सांगा आणि मेसेजमध्ये रोमन लिपीत लिहून मागवा. बहुतेकांनी जे लिहिलं ते स्पेलिंग घ्या. प्रत्येकानं वेगळंच लिहिलं तर नाव बदलण्याचा विचार करा, कारण ऐकून शोधणारा श्रोता तसाच चुकणार आहे.

यूट्यूबचं हँडल ३ ते ३० अक्षरांचं असतं. छोटं नाव बहुधा आधीच गेलेलं असेल, मग शेपूट जोडावं लागतं. ते @paayi_gad असं विषयाचं नको, नाहीतर दारातून काढलेला विषय खिडकीतून परत येईल. @paayi_marathi चालेल, भाषा सहसा बदलत नाही.

माझ्या पॉडकास्टच्या नावात ‘शेअर बाजार’ आहे. आता मी घरखर्च आणि विम्यावरही बोलते. नाव बदललं तर श्रोते जातील का?

नुसत्या नावामुळे जात नाहीत. श्रोत्यांचं ॲप तुमच्या आरएसएस फीडच्या पत्त्याला जोडलेलं असतं आणि शीर्षक हा त्या फीडमधला एक मजकूर. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये शीर्षक आणि कव्हर बदला. ॲप्स पुढे आपोआप नवं नाव उचलतात. श्रोते गमावतात ते नव्या नावानं नवा शो उघडल्यामुळे, कारण जुने सगळे जुन्याच पत्त्यावर राहतात. होस्टिंग कंपनीही बदलणार असाल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावून घ्या.

जुन्या भागांतल्या सुरुवातीच्या ओळी तशाच राहू द्या. नव्या काही भागांत ‘पूर्वीचं अमुक’ असं सांगा आणि वर्णनात जुनं नाव बराच काळ ठेवा, म्हणजे जुन्या नावानं शोधणाराही पोचेल.

हेच भाग यूट्यूबवर असतील तर तिथलं चॅनेलचं नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं आणि पडताळणीची खूण असेल तर ती जाते. हँडल बदललंत तर जुनं १४ दिवस तुमच्यासाठी राखून असतं. नंतर ते दुसरं कुणी घेऊ शकतं आणि कार्डावर छापलेली लिंक त्याच्याकडे जाईल. म्हणून छापायला `youtube.com/channel/` नंतर `UC`नं सुरू होणारा लांब पत्ता क्यूआर कोडमध्ये घाला. नाव आणि हँडल कितीही वेळा बदललं तरी तो तोच राहतो.